लाँग टर्म रिटेनर आणि दरवर्षीची दरवाढ: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

आमचं काम कंपन्यांचे कॉम्प्युटर, नेटवर्क, टॅली, कॅमेरे सांभाळायचं, म्हणजे महिन्याला ठरलेली फी आणि वर्षभर हाकेला हजर. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, मच्छेकडची वर्कशॉप, एकदोन शाळा असे क्लायंट. त्यामुळं अकाउंटंट, वेबसाइटवाले, एसी मेंटेनन्सवाले, हाउसकीपिंगवाले अशी आपल्याच लाइनीतली मंडळी भेटली की रिटेनरच्या दरवाढीवर हेच हेच प्रश्न येतात, म्हणून एका जागी लिहून ठेवलंय. मी वकील नाही, करार मोठा असेल तर वकिलाला दाखवाच, पण वकिलाकडं जाताना काय मागायचं ते इथं मिळेल.

हा एस्कलेशन क्लॉज म्हणजे काय?

करारातच लिहून ठेवायचं की अमुक तारखेपासून फी अमुक हिशेबानं वाढणार, आणि त्यासाठी परत मीटिंग, परत कोटेशन, परत विनवण्या लागणार नाहीत. दुकानाच्या भाड्याच्या करारात अकरा महिन्यांनी पाच-दहा टक्के वाढ लिहितात तसंच. भाड्यात सगळे लिहितात, स्वतःच्या फीच्या वेळी मात्र लाजतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

एक वर्षाच्या करारालाही लागतो काय?

नाही. एक वर्षाचा असेल तर रिन्यूअलला नवीन रेट सांगा, झालं. दोन, तीन, पाच वर्षांचं बांधून घेत असाल तरच याचा विषय. पण एक वर्षाचा करार "आपोआप पुढं चालू" असा असला तर तो बहुवार्षिकच समजा, त्याचं खाली सांगतो.

आता क्लायंट चांगला आहे, तीन वर्षांचं काम फिक्स देऊलालाय, त्यात वाढीचं कशाला काढायचं? फायदा आहेच की.

आहे, पहिल्या वर्षी आहे. एक हिशेब करून बघू, आकडे समजा म्हणून घेतलेत पण आपल्या गावात चालतात तसलेच आहेत.

समजा टिळकवाडीत तुमचं छोटं ऑफिस आहे आणि उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीशी महिना ४०,००० रुपयांवर तीन वर्षांचा करार झाला. जीएसटी वेगळा. या कामासाठी तुम्ही एक पोरगा ठेवला, त्याला २४,०००. अँटिव्हायरस, बॅकअप वगैरे लायसन्सचा महिन्याचा वाटा ४,०००. पेट्रोल आणि येणं-जाणं ३,०००. ऑफिसभाडं, लाइट, नेट यातला या क्लायंटचा वाटा ३,०००. झाले ३४,०००. राहिले ६,०००, म्हणजे १५ टक्के. बरं आहे.

दुसऱ्या वर्षी पोरग्याला १० टक्के द्यावेच लागतात, नाहीतर तो पुण्याला नाहीतर बेंगळूरला जाणार, आणि गेला तर नवीन माणूस २४,००० ला मिळत नाही. म्हणजे २६,४००. लायसन्स ४,३०० धरू. पेट्रोल तेवढंच राहिलं म्हणू, ३,०००. भाड्यात पाच टक्के, ३,१५०. बेरीज ३६,८५०. तुमच्या हातात ३,१५०. फी तीच, काम तेच, कमाई जवळजवळ निम्म्यावर.

तिसऱ्या वर्षी पगार परत १० टक्क्यांनी २९,०४०, लायसन्स ४,६००, पेट्रोल ३,२००, भाडं ३,३०८. बेरीज ४०,१४८. आता तुम्ही महिन्याला १४८ रुपये खिशातनं घालून फाउंड्रीचे कॉम्प्युटर सांभाळताय. आणि करार मोडता येत नाही कारण तीन वर्षांचा शब्द तुम्हीच दिलाय.

यात कुठं मोठं संकट आलेलं नाही, माणूस सोडून गेला नाही, काम वाढलं नाही. सगळं नॉर्मल चालू असताना हे होतं, म्हणून ते दिसत नाही. बँकेत दर महिन्याला तेवढीच रक्कम येत असते ना, वाटतं सगळं ठीक आहे. कसं ओळखायचं? दर क्लायंटमागं वर्षातनं एकदा "याच्यासाठी माझा किती खर्च होतो" हे वेगळं मांडा. सगळ्या धंद्याचा एकत्र नफा बघितला तर नवीन क्लायंटच्या कमाईखाली जुन्याचा तोटा झाकला जातो.

मग किती टक्के लिहायचे? सगळे ५ नाहीतर १० लिहितात.

सगळे लिहितात म्हणून लिहू नका, वरच्यासारखा स्वतःचा खर्च काढा. त्या उदाहरणात ३४,००० चा खर्च ३६,८५० झाला, म्हणजे साधारण ८.४ टक्के वाढला, कारण खर्चातला ७० टक्के भाग पगाराचा आहे आणि पगार १० नं वाढतोय. हातात तेच ६,००० रुपये राहावेत एवढंच पाहिजे असेल तर फी २,८५० नं वाढली तरी पुरे, ते ७ टक्क्यांच्या आसपास येतं. पण तीन वर्षांनंतरचे ६,००० म्हणजे आजचे ६,००० नव्हेत, म्हणून १५ टक्क्यांचा मार्जिन राखायचा तर ८.४ च लागतील.

८ टक्के धरू. दुसऱ्या वर्षी फी ४३,२०० आणि हातात ६,३५०. तिसऱ्या वर्षी ४६,६५६ आणि हातात ६,५०८. टक्क्यात बघितलं तर १५ चे १४ झाले, चालतंय. ६ टक्केच मिळाले तर ४२,४०० आणि ४४,९४४, हातात ५,५५० आणि ४,७९६. घसरतंय पण बुडत नाही. ५ च्या खाली मात्र माझ्या मते माणसांवर चालणाऱ्या कामात करार तीन वर्षांचा करूच नये, दोन वर्षांवर थांबवा.

तीन वर्षांची बेरीज केली की फरक कळतो. क्लॉज नसताना या क्लायंटकडनं एकूण कमाई १,०८,०२४. आठ टक्क्यांचा क्लॉज असताना २,२६,२९६. एका ओळीमुळं दुपटीहून जास्त.

तुमच्या खर्चात माणसं कमी आणि सॉफ्टवेअर, सर्व्हर जास्त असतील तर आकडा वेगळा येईल, विशेषतः लायसन्स डॉलरमध्ये असेल तर तो भाग फीतनं बाहेरच काढा आणि "प्रत्यक्ष बिलाप्रमाणे" लावा. डॉलरचा जुगार आपण कशाला खेळायचा.

फिक्स टक्के बरे की महागाईच्या इंडेक्सला जोडलेलं बरं?

छोट्या करारांना फिक्स टक्के. मी स्वतः हेच लिहितो. दोघांनाही पुढच्या तीन वर्षांचा आकडा आजच कळतो, क्लायंटचा अकाउंटंट बजेटमध्ये टाकून मोकळा होतो.

इंडेक्स कधी? करार पाच वर्षांचा असेल, रक्कम मोठी असेल, किंवा क्लायंट म्हणाला की "महागाई २ टक्के असताना तुम्हाला ८ का देऊ?" तर. आपल्याकडं यासाठी बहुतेक वेळा सीपीआय-आयडब्ल्यू वापरतात, म्हणजे औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक. केंद्राचा लेबर ब्युरो तो काढतो आणि एका महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या शेवटी जाहीर होतो. हिशेब सोपा: जुनी फी गुणिले नवीन आकडा, भागिले जुना आकडा. समजा गेल्या डिसेंबरचा आकडा १५० आणि या डिसेंबरचा १५६, तर वाढ ४ टक्के आणि ४०,००० चे ४१,६००.

पण यात तीन गोची आहेत, आणि त्या माहीत नसतील तर इंडेक्सच्या नादी लागू नका.

पहिली, हा इंडेक्स कामगाराच्या घरखर्चाचा आहे, तुमच्या धंद्याच्या खर्चाचा नव्हे. त्यात खाण्यापिण्याचं वजन ३९ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे टोमॅटो महाग झाला की तुमची नेटवर्क मेंटेनन्सची फी वाढणार आणि भाजी स्वस्त झाली की वाढ गळणार, तुमच्या पोरग्याचा पगार मात्र आपल्या वाटेनं १० टक्के वर जाणार. वरच्या उदाहरणात ४ टक्केच वाढ मिळाली असती तर दुसऱ्या वर्षी हातात ४,७५० राहिले असते. म्हणून इंडेक्स घेतला तर खाली तळ आणि वर छत दोन्ही बांधा: "५ टक्क्यांपेक्षा कमी नाही, ९ पेक्षा जास्त नाही". तळ तुमच्यासाठी, छत क्लायंटसाठी, आणि छत दिलंत की तळ मागायला तोंड राहतं.

दुसरी, कुठला आकडा ते नेमकं लिहायला लागतं. अखिल भारतीय की एखाद्या गावाच्या केंद्राचा, कुठल्या महिन्याचा, एका महिन्याचा की बारा महिन्यांच्या सरासरीचा. एका केंद्राचा आकडा जास्त उड्या मारतो, मी अखिल भारतीय घ्या म्हणेन. आणि १ एप्रिलला वाढ लावायची तर डिसेंबरचा आकडा घ्या, तो जानेवारीच्या शेवटी हातात येतो आणि पत्र द्यायला दोन महिने मिळतात. मार्चचा आकडा लिहिलात तर तो येतो एप्रिलच्या शेवटी आणि पहिलं बिल लटकतं.

तिसरी गोची बेस इयरची. सप्टेंबर २०२० पासून या इंडेक्सचा पाया २००१ वरून २०१६ केला. ऑगस्टचा आकडा ३३८ होता, सप्टेंबरचा ११८ झाला. किमती काही पडल्या नव्हत्या, मोजपट्टी बदलली होती, आणि जुन्याशी जोडायला २.८८ हा गुणक दिला होता. ज्या करारात "मालिका बदलल्यास अधिकृत जोडगुणक वापरावा" एवढं वाक्य नव्हतं तिथं कागदावर वाचलं तर फी एक तृतीयांश व्हायला पाहिजे होती! असला वाद कोर्टात टिकणार नाही म्हणा, पण बिल अडवायला अकाउंटंटला तेवढं निमित्त पुरतं.

नेमके शब्द काय लिहायचे?

फिक्स टक्क्यांसाठी आमचा मसुदा असा असतो, तुमच्याप्रमाणं बदला:

"मासिक रिटेनर फी रु. ४०,००० अधिक लागू जीएसटी. ही फी १ एप्रिल २०२७ पासून आणि त्यानंतर प्रत्येक १ एप्रिल रोजी, लगतच्या ३१ मार्चला लागू असलेल्या फीवर ८ टक्क्यांनी आपोआप वाढेल व जवळच्या शंभर रुपयांत पूर्ण केली जाईल. या वाढीसाठी वेगळी संमती किंवा नवीन करार आवश्यक नाही. एखादे बिल जुन्या दराने दिले गेले म्हणून वाढीचा हक्क सोडला असे समजले जाणार नाही. प्रत्येक वर्षाची फी परिशिष्ट १ मध्ये दिली आहे."

आणि परिशिष्टात सरळ तीन ओळी: पहिलं वर्ष ४०,०००, दुसरं ४३,२००, तिसरं ४६,७००. ही तीन ओळींची यादी म्हणजे सगळ्यात कामाची वस्तू. क्लॉज कुणी वाचत नाही, आकडे सगळे वाचतात. मालकांनी सही करताना तिसऱ्या वर्षाचा आकडा डोळ्यानं बघितलेला असला की एप्रिलमध्ये "हे कुठनं आलं ओ?" होत नाही.

"लगतच्या ३१ मार्चला लागू असलेल्या फीवर" हे शब्द गाळू नका. नुसतं "दरवर्षी ८ टक्के वाढ" लिहिलं तर तुम्ही चक्रवाढ धरता आणि समोरचा मूळ ४०,००० वर धरतो. तुमच्या हिशेबानं तिसऱ्या वर्षी ४६,६५६, त्यांच्या हिशेबानं ४६,४००. तीन वर्षांत फरक किरकोळ आहे, पण पाचव्या वर्षी ५४,४२० आणि ५२,८०० होतो, आणि भांडायला किरकोळ फरकही पुरतो.

"दरवर्षी दोघांच्या संमतीनं वाढ ठरवू" असं लिहिलंय. चालेल ना?

हे वाक्य गोड आहे पण त्याचा उपयोग शून्य. समोरच्यानं संमती दिली नाही तर काय, हे त्यात नाहीच.

१८७२ चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट आहे, त्याचं कलम २९ सांगतं की ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार रद्दबातल. कायद्यातच उदाहरणं दिलीत. एक म्हणजे "माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना विकतो": दोन्हीतली किंमत कुठली ते कळत नाही, म्हणून रद्द. दुसरं, हजार मण तांदूळ, भाव अमुक तिसरा माणूस ठरवेल: हे चालतं, कारण भाव आज माहीत नसला तरी ठरवायची रीत पक्की आहे. आपला इंडेक्सवाला क्लॉज या तांदळाच्या बाजूला बसतो, तिसरा माणूस म्हणजे लेबर ब्युरो. "संमतीनं ठरवू" हे घोड्याकडं जातं. "योग्य ती वाढ", "बाजारभावाप्रमाणे वाढ" हे पण तसलंच, कुणाचा बाजार आणि कुठला भाव?

बोलणीच ठेवायची असतील तर पुढं एक वाक्य जोडा: "१५ मार्चपर्यंत एकमत न झाल्यास ६ टक्के वाढ लागू होईल." मग बोला पाहिजे तेवढं.

क्लायंट म्हणतो वाढ लिहिणार नाही, विश्वास ठेवा, बघून घेऊ. काय करू?

आपल्याकडं हे फार. "आपण काय परके आहोत काय, करतो की, कागद कशाला" असं चहा पाजत पाजत म्हणतात आणि मनानं खरंच चांगले असतात. पण तीन वर्षांनी त्या खुर्चीत मुलगा बसलेला असतो, नाहीतर बेंगळूरहून आलेला नवीन मॅनेजर, आणि त्याच्यापुढं फक्त कागद असतो.

वाद घालू नका, पर्याय द्या. "मालक, दोन कोटेशन आणलेत. एकात ४०,००० आणि दरवर्षी ८ टक्के. दुसऱ्यात तीन वर्षं एकच रेट, ४३,३००." ४३,३०० कुठनं आला? ४०,०००, ४३,२०० आणि ४६,७०० यांची सरासरी. दुसरं घेतलं तरी तुमचं नुकसान नाही, उलट पहिल्या वर्षी पैसे जास्त येतात. पण मग पहिल्या वर्षीचे ते जास्तीचे ३,३०० महिन्याला बाजूला ठेवायला पाहिजेत, कारण ते तिसऱ्या वर्षीच्या पगाराचे आहेत. आणि क्लायंट वर्षानंतर करार सोडून गेला तरी पहिल्या वर्षीचे ते जास्तीचे पैसे तुमच्याकडंच राहतात, हा आणखी फायदा. बहुतेक मालक पहिलंच कोटेशन निवडतात, आजचा आकडा कमी दिसतो म्हणून.

हेही नको म्हणाले तर करार एक वर्षाचा करा. तीन वर्षं रेट बांधून पाहिजे हा त्यांचा फायदा आहे, तो फुकट द्यायचं काही कारण नाही.

एप्रिलमध्ये वाढीव बिल लावायचं विसरलोच, आता ऑगस्ट चाललाय. मागचा फरक मागता येतो काय?

करारात वाढ आपोआप लिहिली असेल तर येतो. पण जितका उशीर तितकं अवघड. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ६३ प्रमाणं ज्याला येणं आहे तो ते पूर्ण किंवा थोडं सोडून देऊ शकतो, आणि समोरचा म्हणणार की तुम्ही पाच महिने जुन्याच रेटनं बिल दिलं, आम्ही भरलं, तुम्ही घेतलं, म्हणजे सोडलंच की. म्हणूनच मसुद्यात ते "हक्क सोडला असे समजले जाणार नाही" वाक्य आहे. त्यातनं कुणी व्हॉट्सॅपवर "राहू दे, या वर्षी जुनंच चालू दे" असं लिहून बसला असेल तर ते मात्र सोडल्यातच जमा.

लक्षात आलं त्याच दिवशी पत्र किंवा ईमेल पाठवा, एप्रिलपासूनचा फरक महिन्यावार लिहा, आणि त्या फरकाची जीएसटीची डेबिट नोट काढा, जुनी बिलं खोडून नवीन करत बसू नका. पाच महिन्यांचे ३,२०० प्रमाणं १६,००० एकदम मागितले तर कुणीही कुरकुरणार, तीन हप्त्यात घ्या.

आणि मोबाइलवर १ मार्चचा रिमाइंडर लावा. महिनाभर आधी दोन ओळींचं पत्र द्यायचं: करार अमुक तारखेचा, कलम अमुक, १ एप्रिलपासून फी ४३,२०० अधिक जीएसटी. त्यात "विनंती आहे" लिहू नका. विनंती केली की समोरच्याला नाही म्हणायची जागा मिळते, ही फक्त आठवण आहे.

करार चालू आहे, दोन वर्षं शिल्लक आहेत आणि क्लॉजच नाही. काही होतं काय?

जबरदस्तीनं नाही. महागाई वाढली, पगार वाढले म्हणून करार आपोआप सुटत नाही. दोघांनी सही करून पुरवणी करार केला तरच बदल होतो. खर्चाचा तक्ता घेऊन जा आणि बदल्यात काहीतरी द्या: मुदत वर्षभर वाढवा, नाहीतर महिन्यातल्या व्हिजिट आठवरून सहा करा. रेट वाढत नसेल तर काम कमी करणं हीही वाढच. नोटीस देऊन बाहेर पडायचं कलम तुमच्या बाजूनंही आहे काय तेही वाचून ठेवा, ते असलं तर बोलणी वेगळ्या सुरात होतात.

आमचं हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीचं काम आहे. ८ टक्के लिहून भागेल काय?

भागणार नाही, आणि इथं आपल्या सीमेची खास भानगड आहे.

तुमच्या बिलातला मोठा भाग किमान वेतनाचा. तो तुम्ही ठरवत नाही, सरकार ठरवतं. कर्नाटकात त्यातला महागाई भत्ता दरवर्षी १ एप्रिलपासून बदलतो, आणि अधूनमधून मूळ वेतनच नव्यानं ठरवलं जातं तेव्हा एकदम मोठी उडी पडते. ती उडी ८ टक्क्यांत मावली नाही तर कायद्यानं कामगाराला द्यायचं आणि खिशातनं घालायचं, दुसरा रस्ता नाही.

म्हणून बिल दोन भागांत तोडा. पहिला भाग कामगारांचा: वेतन, पीएफमधला मालकाचा १२ टक्के वाटा आणि त्यावरचा किरकोळ चार्ज, ईएसआयचे ३.२५ टक्के, बोनस, रजा. हा भाग "सरकारी अधिसूचनेनुसार, अधिसूचना लागू होईल त्या तारखेपासून जसाच्या तसा" वाढणार. दुसरा भाग तुमचा सर्व्हिस चार्ज. तो टक्क्यात असेल तर वेतनाबरोबर आपोआप वाढतो, ठरीव रकमेत असेल तर त्याला वेगळा एस्कलेशन क्लॉज लागतो. "लागू होईल त्या तारखेपासून" हे महत्त्वाचं, कारण अधिसूचना उशिरा येऊन मागच्या तारखेपासून लागू झाली तर फरक तुम्हाला द्यावा लागतो, मग तो क्लायंटकडनं घेता आला पाहिजे.

आता सीमेचं. ऑफिस बेळगावात आणि साइट शिनोळीला, नाहीतर ऑफिस निपाणीत आणि साइट कागलच्या एमआयडीसीत, असं कितीतरी जणांचं आहे. माणूस राबतो महाराष्ट्रात म्हणजे किमान वेतन महाराष्ट्राचं. आणि तिकडचा विशेष भत्ता वर्षातनं दोनदा बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. तुमच्या करारात "दर १ एप्रिलला कर्नाटकच्या दराप्रमाणे वाढ" असं एकच वाक्य सगळ्या साइटना कॉपी-पेस्ट केलेलं असेल तर शिनोळीच्या साइटवर जानेवारीपासून मार्चपर्यंत आणि परत जुलैपासून तुम्ही पदरचं घालताय. साइटवार लिहा: "ज्या राज्यात काम चालते त्या राज्याची अधिसूचना लागू."

पेट्रोल वाढलं तर? ते एप्रिलची वाट बघत नाही.

खरं आहे. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं इंधनावरचा कर वाढवला आणि पेट्रोल एका रात्रीत तीन रुपयांनी चढलं. पण हिशेब करा: लिटरमागं तीन रुपये म्हणजे तीन टक्के, आणि वरच्या उदाहरणात पेट्रोल ३,००० चं, म्हणजे फरक महिन्याला ९० रुपये. यासाठी वेगळा क्लॉज लिहून करार जाड करू नका. तुमचं काम गोकाक, अथणी, चिकोडी असं रोज फिरायचं असेल, गाडी हाच मोठा खर्च असेल, तर मात्र किलोमीटरचा रेट वेगळा लावा आणि बाकी फीला त्यातनं मोकळं ठेवा.

काम वाढलं तर वाढीव पैसे याच क्लॉजमधनं मिळतात काय?

नाही, आणि इथं फार जण गफलत करतात. एस्कलेशन म्हणजे तेवढ्याच कामाचा वाढलेला खर्च. फाउंड्रीनं ३० कॉम्प्युटरचे ४५ केले तर तो स्कोपचा विषय. करारात आकडा लिहून ठेवा, "३० कॉम्प्युटरपर्यंत, पुढं प्रत्येकी महिना अमुक", आणि त्या अमुकलाही तीच ८ टक्के वाढ लागू करा. नाहीतर मालक म्हणतात, "८ टक्के वाढवलेत न्हवं एप्रिलात? त्यातच बसवा की हे पंधरा."

करार संपला पण काम तसंच चालू आहे. वाढ लागू होते काय?

कागदावर लिहिलेलं नसेल तर वाद होतो. क्लायंट म्हणतो जुन्याच अटींवर चालू आहे, म्हणजे शेवटचा रेट, आणि वाढीचं परिशिष्ट तर तिसऱ्या वर्षाला संपलं. एक वाक्य घाला: "मुदत संपल्यानंतर नवीन कराराशिवाय काम चालू राहिल्यास याच अटी, वार्षिक वाढीसह, लागू राहतील." उलटंही बघा: काही मोठ्या कंपन्यांच्या छापील करारात रिन्यूअलला फी परत मूळ आकड्यावर आणणारी ओळ असते. सही करण्याआधी "नूतनीकरण" हा भाग बोट ठेवून वाचा.

सरकारी ऑफिस, टेंडरची कामं?

तिथं अटी छापून येतात, तुमचा मसुदा चालत नाही. दरवाढ नाही असं लिहिलं असेल तर तीन वर्षांचा खर्च आधी काढून सरासरी रेट भरा, ४३,३०० सारखा. प्री-बिड मीटिंगला वाढीबद्दल विचारून बघायला हरकत नाही.

जीएसटी आणि टीडीएसचं काय?

फी लिहिताना "अधिक लागू जीएसटी" लिहा आणि वाढ मूळ फीवरच मोजा. "सर्व करांसह ४०,०००" लिहिलंत तर उद्या कराचा दर वाढला की तो तुमच्या वाट्याला. शिनोळी, कागलच्या क्लायंटला बहुधा आयजीएसटी लागतो, इकडच्याला सीजीएसटी आणि एसजीएसटी. वाढीच्या हिशेबाला त्यानं फरक पडत नाही. अजून जीएसटी नंबर घेतला नसेल तर सेवांना वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे, आणि चारपाच रिटेनर दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढत गेले की आपण ती कधी ओलांडली ते कळत नाही, तेवढं बघत राहा. टीडीएस बिलात वेगळा दाखवलेला जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर कापायचा असतो, काही अकाउंटंट पूर्ण रकमेवर कापतात, त्यांना दाखवून द्या.

करार मराठीत केला तर चालतो, की इंग्रजी, कन्नडच लागतं?

दोन खाजगी पार्ट्यांमधला करार कुठल्याही भाषेत चालतो, दोघांना समजला पाहिजे. वाद कोर्टात गेला तर भाषांतर द्यावं लागेल एवढंच. आमच्याकडं बहुतेक करार इंग्रजीत होतात कारण क्लायंटचा ऑडिटर इंग्रजी मागतो, पण परिशिष्टातल्या आकड्यांच्या तीन ओळी मी मालकांना मराठीत नाहीतर कन्नडमध्ये शेजारी लिहून देतो आणि त्याखालीही त्यांची सही घेतो. दोन भाषांत केला तर कुठली प्रत अंतिम ते लिहा. सही प्रत्येक पानावर घ्या, परिशिष्टाच्या पानावर तर आधी घ्या.